तीन सेकंदांनी कपॅसिटरवर किती व्होल्ट?

१२ व्होल्टचा पुरवठा, १० किलो-ओहमचा रेझिस्टर आणि ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकापुढे एक जोडलेले आहेत. कपॅसिटर सुरुवातीला पूर्ण रिकामा आहे. स्विच दाबल्यावर बरोबर ३ सेकंदांनी कपॅसिटरच्या दोन टोकांमधले व्होल्टेज किती असेल? इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्यांच्या सरावात असा प्रश्न हमखास येतो, आणि हल्ली तो बहुतेक वेळा वहीच्या पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो म्हणून एकाकडून दुसऱ्याकडे जातो. फोटोत वर सर्किटची आकृती असते आणि खाली एक ओळ:

V = 12 V, R = 10 kΩ, C = 470 µF, t = 3 s, v = ?

उत्तर ५.६६ व्होल्ट आहे. कॅल्क्युलेटरवर ते अर्ध्या मिनिटात निघते. मात्र ते कुठून आले हे नीट कळले, तर फोटोतले एखादे पुसट चिन्ह चुकीचे वाचले गेल्याचेही उत्तराकडे पाहताच लक्षात येते.

स्विच दाबल्यावर काय होते

कपॅसिटर म्हणजे एकमेकांना न चिकटलेले, मध्ये विद्युतरोधक थर असलेले धातूचे दोन पत्रे. प्रवाह वाहू लागला की एका पत्र्यावर धन आणि दुसऱ्यावर ऋण प्रभार साचतो. जितका प्रभार साचेल, त्याच प्रमाणात दोन्ही पत्र्यांमधले व्होल्टेज वाढते. प्रभार क्षणात साचत नाही. तो रेझिस्टरमधून वाहत यावा लागतो. म्हणूनच कपॅसिटरचे व्होल्टेज शून्यापासून हळूहळू चढते.

स्विच दाबला त्या क्षणी कपॅसिटरवर शून्य व्होल्ट असतात. त्यामुळे पुरवठ्याचे सगळे १२ व्होल्ट रेझिस्टरच्या वाट्याला येतात. ओहमच्या नियमाने १२ भागिले १०,००० म्हणजे १.२ मिलिअँपिअर प्रवाह वाहू लागतो. या प्रवाहाने ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सेकंदाला सुमारे २.५५ व्होल्ट या वेगाने भरू लागतो.

हा वेग टिकत नाही. कपॅसिटरवर ३ व्होल्ट जमले की रेझिस्टरसाठी ९ व्होल्टच उरतात आणि प्रवाह ०.९ मिलिअँपिअरवर येतो. कपॅसिटरवर ६ व्होल्ट जमले की प्रवाह सुरुवातीच्या निम्मा होतो. कपॅसिटर जसजसा भरतो, तसतसा तो स्वतःच भरण्याचा वेग कमी करत नेतो.

गच्चीवरच्या दोन टाक्यांत हेच दिसते. एका टाकीत पाण्याची पातळी कायम ठेवलेली आहे, शेजारची टाकी रिकामी आहे आणि दोन्ही तळाशी एका बारीक नळीने जोडल्या आहेत. सुरुवातीला पातळीतला फरक मोठा असतो, म्हणून पाणी जोरात येते. दुसरी टाकी भरत आली की फरक कमी होतो आणि धार मंदावते. नळीची बारीकी म्हणजे रेझिस्टर, टाकीच्या तळाची रुंदी म्हणजे कपॅसिटर आणि पातळीतला फरक म्हणजे ‘अजून किती व्होल्ट भरायचे बाकी आहेत’ तो आकडा. या प्रश्नात खरे लक्ष ठेवायचे ते या बाकीवर. भरण्याचा वेग प्रत्येक क्षणी उरलेल्या बाकीच्या प्रमाणात असतो, आणि पुढचे सगळे गणित या एका गोष्टीतून येते.

४.७ सेकंद म्हणजे काय

सुरुवातीचा २.५५ व्होल्ट प्रति सेकंद हा वेग शेवटपर्यंत तसाच राहिला असता, तर १२ व्होल्ट गाठायला ४.७ सेकंद लागले असते. या कालावधीला टाइम कॉन्स्टंट म्हणजेच कालस्थिरांक म्हणतात आणि तो τ या ग्रीक अक्षराने लिहितात. तो काढायला व्होल्टेजची गरज लागत नाही. रोध आणि धारिता यांचा गुणाकार केला की तो मिळतो:

τ = R × C = 10000 × 0.00047 = 4.7 s

पुरवठा १२ व्होल्टचा असो की ५ व्होल्टचा, कालस्थिरांक तोच राहतो. पुरवठा वाढवला तर सुरुवातीचा वेग वाढतो, पण गाठायची उंचीही त्याच प्रमाणात वाढते.

ओहम गुणिले फॅरड बरोबर सेकंद, हे अनेकांना नवलाचे वाटते. पण ओहम म्हणजे व्होल्ट भागिले अँपिअर, फॅरड म्हणजे कूलोम भागिले व्होल्ट, आणि कूलोम म्हणजे अँपिअर गुणिले सेकंद. गुणाकारात व्होल्ट आणि अँपिअर कटतात आणि फक्त सेकंद उरतो. शून्ये मोजण्याचा त्रास वाचवायचा असेल, तर किलो-ओहमला मायक्रोफॅरडने गुणावे. उत्तर मिलिसेकंदात येते. येथे १० गुणिले ४७० म्हणजे ४,७०० मिलिसेकंद, अर्थात ४.७ सेकंद.

प्रत्यक्षात वेग सतत घटत असल्यामुळे ४.७ सेकंदांत कपॅसिटर पूर्ण भरत नाही. तेवढ्या वेळात तो ६३.२ टक्के भरतो, म्हणजे या प्रश्नात सुमारे ७.५८ व्होल्टपर्यंत पोहोचतो. पुढच्या ४.७ सेकंदांत राहिलेल्या बाकीच्या ६३.२ टक्के भरतो, आणि एकूण ८६.५ टक्के होतात. तीन कालस्थिरांकांनंतर ९५ टक्के आणि पाच कालस्थिरांकांनंतर ९९.३ टक्के. गणिताच्या काटेकोर अर्थाने तो १२ व्होल्ट कधीच गाठत नाही, पण व्यवहारात पाच कालस्थिरांकांनंतर, येथे २३.५ सेकंदांनंतर, कपॅसिटर भरला असे धरतात.

e हा आकडा कुठून येतो

सूत्रातला e पाहून पुष्कळ विद्यार्थी बिचकतात. तो कसा येतो हे साध्या गुणाकाराने पाहता येते. एक सेकंद हा ४.७ सेकंदांचा साधारण २१.३ टक्के भाग आहे. समजा, प्रत्येक सेकंदाच्या सुरुवातीला जो वेग आहे तोच त्या सेकंदभर टिकतो. मग प्रत्येक सेकंदात बाकीचे २१.३ टक्के कमी होतात आणि ७८.७ टक्के उरतात. सुरुवातीची बाकी १२ व्होल्ट. पहिल्या सेकंदानंतर ९.४५, दुसऱ्यानंतर ७.४४ आणि तिसऱ्यानंतर ५.८५. म्हणजे कपॅसिटरवर ६.१५ व्होल्ट जमले.

हे उत्तर थोडे जास्त आहे, कारण सेकंदाच्या आतही वेग घटत असतो आणि तो आपण घटू दिला नाही. अर्ध्या सेकंदाचे सहा टप्पे केले तर उत्तर ५.८९ व्होल्ट येते. दशांश सेकंदाचे तीस टप्पे केले तर ५.७१ येते. टप्पे जितके लहान, तितके उत्तर ५.६६ च्या जवळ सरकते, आणि टप्पे कितीही बारीक केले तरी त्याखाली जात नाही.

चक्रवाढ व्याजाचा हिशेब करणाऱ्याला ही चाल ओळखीची वाटेल. व्याज वर्षातून एकदा, मग दरमहा, मग दररोज असे मुद्दलात मिळवत गेले, तर रक्कम वाढत वाढत एका मर्यादेपाशी थांबते. स्वित्झर्लंडमधील गणिती याकोब बर्नुली यांनी १६८३ मध्ये नेमका हाच प्रश्न तपासला होता, आणि त्या मर्यादेतून जो आकडा पुढे आला तोच e, साधारण २.७१८. कपॅसिटरच्या बाबतीत वाढीऐवजी बाकी घटत असते, जसा यंत्राचा घसारा दरवर्षी उरलेल्या किमतीवर धरतात तसा. घट असल्यामुळे घातांकात उणे चिन्ह येते. एका कालस्थिरांकात बाकी मूळच्या २.७१८ व्या हिश्श्यावर, म्हणजे ३६.८ टक्क्यांवर येते. मघाचे ६३.२ टक्के म्हणजे शंभरातून हे ३६.८ वजा जाता राहिलेले.

उदाहरण सोडवताना

आता सूत्र पाठ न करताही लिहिता येते. t वेळेनंतरची बाकी म्हणजे मूळ बाकी गुणिले e चा −t/τ वा घात. कपॅसिटरवरचे व्होल्टेज म्हणजे पुरवठा वजा ही बाकी:

v = V × (1 − e^(−t/τ))

पहिली पायरी म्हणजे वेळ कालस्थिरांकाच्या किती पट आहे ते काढणे. ३ भागिले ४.७ म्हणजे ०.६३८. दुसरी पायरी, e चा −०.६३८ वा घात: ०.५२८. याचा अर्थ ३ सेकंदांनंतर भरायचा भाग ५२.८ टक्के उरला आहे. तिसरी पायरी, १ मधून तो वजा करणे: ०.४७२. चौथी पायरी, १२ ने गुणणे: ५.६६ व्होल्ट.

ताळा करायला आणखी एक सोपी खूण आहे. कपॅसिटर निम्मा भरायला कालस्थिरांकाच्या ०.६९३ पट वेळ लागतो. येथे तो ३.२६ सेकंद होतो. ३ सेकंद त्याच्या किंचित अलीकडे आहेत, म्हणून उत्तर ६ व्होल्टच्या किंचित खाली असायला हवे. ५.६६ तिथेच बसते.

कपॅसिटर रिकामा नसेल तरी विचार हाच राहतो. समजा, स्विच दाबताना त्यावर आधीच ४ व्होल्ट होते. मग सुरुवातीची बाकी ८ व्होल्ट. ३ सेकंदांनंतर तिच्यातला ५२.८ टक्के भाग, म्हणजे ४.२३ व्होल्ट उरेल आणि कपॅसिटरवर ७.७७ व्होल्ट दिसतील. पहिल्या उत्तरात सरळ ४ मिळवून ९.६६ लिहिणे चूक आहे, कारण बाकी कमी असेल तर भरण्याचा वेगही कमी असतो. म्हणून आकृतीच्या कोपऱ्यात कपॅसिटरचे सुरुवातीचे व्होल्टेज लिहिले आहे का, हे आधी पाहावे.

फोटोत हरवणारी चिन्हे

वहीच्या फोटोवरून उदाहरण सोडवताना गणितापेक्षा वाचनाच्या चुका जास्त महाग पडतात, आणि प्रत्येक चुकीचे उत्तर आपली ओळख सांगते.

सर्वांत घातक चिन्ह µ. त्याची खाली लोंबणारी शेपटी रेघेखाली दडली किंवा पानाच्या सावलीत गेली, की ते m सारखे दिसते आणि मायक्रोचे मिली होते. मग कालस्थिरांक ४.७ सेकंदांऐवजी ४,७०० सेकंद, म्हणजे सव्वा तासाहून अधिक होतो, आणि ३ सेकंदांनंतरचे उत्तर जेमतेम ७.७ मिलिव्होल्ट येते. उलट k दिसला नाही, तर १० किलो-ओहमचे १० ओहम होतात, कालस्थिरांक ४.७ मिलिसेकंदांवर येतो आणि उत्तर पूर्ण १२ व्होल्ट येते. सरावाचा प्रश्न तयार करणारा बहुधा वेळ अशी निवडतो की ती कालस्थिरांकाच्या अर्ध्यापासून तिप्पट-चौपटीच्या आसपास पडावी, कारण वक्र तिथेच पाहण्यासारखा असतो. उत्तर शून्याला चिकटलेले किंवा पुरवठ्याइतकेच आले, तर आधी फोटो मोठा करून एकके पुन्हा वाचावीत.

दुसरे नाजूक चिन्ह घातांकातले उणे. ते फोटोत पुसट झाले किंवा कॅल्क्युलेटरवर कंसाबाहेर राहिले, तर e चा घात १.८९ येतो, १ मधून वजा केल्यावर ऋण संख्या उरते आणि उत्तर −१०.७ व्होल्ट निघते. रिकामा कपॅसिटर १२ व्होल्टच्या धन पुरवठ्यावर भरताना उणे होऊ शकत नाही, म्हणून ही चूक लगेच पकडता येते.

लपून राहणाऱ्या चुका दोन आहेत. एकीत १ मधून वजा करायचे राहते आणि उत्तर ६.३४ व्होल्ट येते. हा आकडा अगदी खरा वाटतो, आणि तो खरा आहेही, पण कपॅसिटरसाठी नाही. तो रेझिस्टरवरच्या व्होल्टेजचा आकडा आहे. म्हणून आकृतीतली v ची खूण कोणत्या भागाशेजारी आहे, हे पाहणे गरजेचे ठरते. दोन्ही आकड्यांची बेरीज १२ आली पाहिजे: ५.६६ अधिक ६.३४. दुसऱ्या चुकीत सुरुवातीच्या वेगाने सरळ तीन सेकंद मोजले जातात आणि उत्तर ७.६६ येते. ते एका कालस्थिरांकानंतरच्या ७.५८ व्होल्टच्याही वर जाते, आणि ३ सेकंद तर कालस्थिरांकाच्या आत आहेत. म्हणजे ते उत्तर बाद.

टेबलावरचा कपॅसिटर

हाच प्रश्न प्रत्यक्ष जोडून पाहणे अवघड नाही. तपकिरी, काळा, नारिंगी आणि सोनेरी पट्ट्यांचा रेझिस्टर, २५ व्होल्टचा ४७० मायक्रोफॅरड इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, १२ व्होल्टचा पुरवठा आणि डिजिटल मल्टिमीटर एवढे पुरते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या अंगावर ज्या बाजूला उणे चिन्हांची पट्टी छापलेली असते, ते टोक ऋण बाजूलाच जोडावे लागते. उलटे जोडल्यास तो तापतो आणि फुटूही शकतो.

मल्टिमीटरचा आकडा सेकंदात दोन-तीनदाच बदलतो आणि त्याच वेळी घड्याळाकडे बघणे जमत नाही. म्हणून मीटर आणि स्टॉपवॉच शेजारी ठेवून मोबाइलने व्हिडिओ काढावा आणि नंतर ३ सेकंदांच्या चौकटीवर थांबवून आकडा वाचावा. प्रत्येक वेळी प्रयोग करण्याआधी पुरवठा काढून कपॅसिटर त्याच रेझिस्टरमधून पाच कालस्थिरांकांहून जास्त वेळ रिकामा करावा, नाहीतर आधीचे उरलेले व्होल्टेज पुढच्या मोजणीत मिसळते.

आणि मग मीटरवर ५.६६ दिसतीलच असे नाही. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर छापलेल्या धारितेत साधारणपणे २० टक्के कमी-जास्त चालते. ४७० लिहिलेला कपॅसिटर प्रत्यक्षात ३७६ पासून ५६४ मायक्रोफॅरडपर्यंत कितीही असू शकतो. त्या दोन टोकांसाठी ३ सेकंदांचे उत्तर ६.६० आणि ४.९५ व्होल्ट येते. या दोहोंमधला कोणताही आकडा मीटरवर दिसला, तर प्रयोग चुकलेला नाही. कपॅसिटर स्वतःची खरी धारिता सांगतो आहे. ती काढायची असेल तर व्होल्टेज ७.५८ ला पोहोचायला किती सेकंद लागले ते मोजावे. तोच खरा कालस्थिरांक. त्याला १०,००० ने भागले की फॅरडमध्ये धारिता मिळते.

मीटरही सर्किटचा भाग बनतो, हे दुसरे भान. बहुतेक डिजिटल मीटरांचा अंतर्गत रोध १० मेगाओहम असतो. १० किलो-ओहमच्या रेझिस्टरपुढे त्याचा परिणाम नगण्य आहे. शेवटचे व्होल्टेज १२ ऐवजी ११.९९ दिसेल. पण वेळ लांबवण्यासाठी १ मेगाओहमचा रेझिस्टर लावला, तर पुरवठा मीटर आणि रेझिस्टर यांच्यात वाटला जातो आणि कितीही थांबले तरी आकडा १०.९ व्होल्टच्या वर जात नाही. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधून होणारी गळतीही असाच परिणाम करते. आकडा वाढायचा थांबला आहे, पण पुरवठ्याच्या बराच खाली आहे, ही या दोन्हींची खूण. सूत्रात अशी गळती धरलेली नाही, आणि त्याची मर्यादा इथे येते.

हे गणित वहीबाहेर सर्वांत जास्त वापरात आणले ते ५५५ या टायमर चिपने. हान्स कॅमेन्झिंड यांनी ती १९७१ मध्ये रचली आणि सिग्नेटिक्स कंपनीने १९७२ मध्ये ती बाजारात आणली. एकदाच ठरावीक वेळ चालणाऱ्या तिच्या सर्किटमध्ये कपॅसिटर पुरवठ्याच्या दोन-तृतीयांशापर्यंत भरू दिला जातो आणि तिथे चिप वेळ संपल्याचे सांगते. बाकी एक-तृतीयांशावर यायला कालस्थिरांकाच्या १.१ पट वेळ लागतो. वहीतलाच रेझिस्टर आणि कपॅसिटर या चिपला जोडले, तर ती ४.७ गुणिले १.१ म्हणजे सुमारे ५.२ सेकंदांनी थांबेल, आणि पुरवठा १२ व्होल्टऐवजी ९ केला तरी ही वेळ बदलणार नाही, कारण चिप व्होल्ट मोजत नाही, बाकीचे प्रमाण मोजते.